दोन ओळींचे निवेदन

ध्वनिमुद्रित भाषणे मोबाइलवर ऐकवणारी पॉडकास्टची जी ॲप आहेत, त्यांच्या यादीत प्रत्येक भाषणाचे शीर्षक मोठ्या अक्षरांत येते आणि त्याखाली बहुधा वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी दिसतात. दुसरी ओळ भरली की तीन टिंबे उमटतात. पुढचा मजकूर वाचण्यासाठी बोट टेकवावे लागते, आणि पुष्कळ लोक ते टेकवीत नाहीत. म्हणजे वर्णन कितीही विस्तृत लिहिले, तरी निवड होते ती या दोन ओळींवर.

या ओळींत किती अक्षरे मावतील, हे मात्र आधी निश्चित सांगता येत नाही. मजकूर तोडला जातो तो पडद्याच्या रुंदीने. लहान फोनवर, किंवा दृष्टी मंदावल्यामुळे ज्यांनी अक्षरे मोठी करून घेतली आहेत त्यांच्या फोनवर, कमी शब्द राहतात. देवनागरीत अक्षरे मोजण्याचाही फारसा उपयोग होत नाही. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एकच अक्षर. संगणक मात्र त्यात स, त, र, दोन हलन्तचिन्हे आणि एक वेलांटी अशी सहा चिन्हे मोजतो. तेव्हा वाक्य कोठेही तुटू शकेल, असे धरूनच ते लिहिणे भाग आहे.

जुलाब झालेल्या तान्ह्या मुलांच्या शुश्रूषेवर एखाद्या डॉक्टरांचे भाषण आहे, असे समजू. ते ऐकायचे आहे रात्री जागणाऱ्या आईला, आणि तिच्यापाशी वेळ थोडा आहे. निवेदक सवयीने लिहितो: ‘नमस्कार. आरोग्यविषयक भाषणमालेच्या या विसाव्या भागात सर्व श्रोत्यांचे मनःपूर्वक स्वागत. आजच्या भागात सुप्रसिद्ध बालरोगतज्ज्ञ…’ येथे ओळी संपल्या. जुलाब हा शब्द आलाच नाही. सभेत शोभणारे हे स्वागत यादीत केवळ जागा अडवते. मालेचे नाव ॲप बहुधा निराळे दाखवतेच.

हा दोष ढोबळ आहे. लक्षात येताच दूर करता येतो. याहून सूक्ष्म आणि घातक दोष मराठीच्या वाक्यरचनेतूनच उद्भवतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. निवेदकाने दुसऱ्या प्रयत्नात विषयालाच हात घातला, असे मानू: ‘बाळाला वारंवार जुलाब होत असले, तरी त्याचे अंगावरचे दूध बंद करू नये.’ वाक्य निर्दोष आहे, सल्लाही योग्य आहे. पण एखाद्या फोनवर ते ‘अंगावरचे दूध बंद करू…’ येथेच तुटले, तर? जुलाबात दूध तोडावे ही समजूत अनेक घरांत आधीच आहे. अर्ध्या वाक्याने तिलाच दुजोरा मिळतो. म्हणून पहिल्या दोन ओळींत निषेधार्थी वाक्य टाळून तीच गोष्ट होकारार्थी सांगावी: ‘अंगावरचे दूध चालू ठेवा.’

प्रमाणांचेही असेच आहे. घरगुती साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. हे सर्वांत आधी सांगावे असा मोह होतो. परंतु ‘६ सपाट चमचे साखर आणि…’ एवढेच दिसले, तर मिठाचा अंदाज वाचणारी स्वतःच करील, आणि मीठ अधिक पडणे बाळाला अपायकारक असते. जे अर्धे सांगितल्याने बिघडते, ते वर्णनात पुढे जावे; तेथे ते अखंड वाचले जाते.

मग पहिल्या दोन ओळी अशा होतात: ‘बाळाला जुलाब? अंगावरचे दूध चालू ठेवा. साखर-मिठाचे पाणी कसे करावे, ते ६ मिनिटांत ऐका.’ आईच्या मनातला शब्द आरंभीच आला आणि एक पूर्ण सल्ला पहिल्याच आखूड वाक्यात हाती पडला. मिनिटांचा आकडा भाषणाच्या खऱ्या लांबीशी जुळला पाहिजे, हे उघड आहे. शीर्षकातलेच शब्द येथे पुन्हा लिहू नयेत. ते अगदी वरच दिसत असतात.

याची परीक्षा कागदावरही करता येते. मजकूर प्रत्येक शब्दापाशी तोडून तेवढाच वाचावा. ‘साखर-मिठाचे पाणी…’ अपुरे आहे, पण खोटे नाही, ते चालेल. ‘बंद करू…’ चालणार नाही. त्यानंतर एखाद्या लहान फोनवर, अक्षरे सर्वांत मोठी करून, तीच यादी उघडून पाहावी. संगणकाच्या रुंद पडद्यावर लिहिणाऱ्याला सगळाच मजकूर दिसत असल्याने हा दोष त्याच्या नजरेस सहसा पडत नाही.

तिसऱ्या ओळीपासून प्रमाण द्यावे. त्यापाठोपाठ बाळ पाणी पिईनासे झाले, मलूल पडले किंवा शौचातून रक्त जाऊ लागले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा, हे लिहावे. वक्त्यांचे नाव, मालेची माहिती आणि आभार यांना त्याखाली पुष्कळ जागा आहे.