दोन आठवड्यांत न भरलेली जखम

तंबाखू-चुना मळून खाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला जिभेच्या कडेला जखम होते. शेजारच्या दाढेचे टोक बोचत असते. दंतवैद्य ते घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी बोलावतात. बोचण्यामुळे झालेली जखम एवढ्यात भरायला हवी. ती तशीच दिसली, की तोंडाच्या शल्यचिकित्सकांना चिठ्ठी लिहिण्याची वेळ येते.

‘जिभेवर जखम, कृपया तपासावे’ एवढ्याने भागत नाही. चांगल्या चिठ्ठीत असे असते: जिभेची डावी कड, आकार 12 बाय 8 मिलिमीटर, दीड महिन्यापासून, कडा उंचावलेल्या, बूड बोटाला कडक लागते, दुखत नाही. यातला कडकपणा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो फोटोत दिसत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण निर्धास्त असतो, पण सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. जबड्याखाली गाठ लागते का, तंबाखू किती वर्षांपासून, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही लिहावे लागते. त्या गोळीमुळे तुकडा काढताना रक्तस्राव वाढू शकतो.

दाढ घासल्याची तारीखही हवी. ती नसेल, तर शल्यचिकित्सक पुन्हा दोन आठवडे वाट पाहण्याची भीती असते.

चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. ते तुकडा तपासूनच होते. पण वर ‘तातडीचे’ लिहिले असेल, तर ती खिशात ठेवू नका, त्याच आठवड्यात जा.