नको असलेल्या कॉलची तक्रार

विक्रीचे फोन पुन:पुन्हा येऊ लागले की वैतागलेला ग्राहक थेट भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, सविस्तर अर्ज लिहितो. त्यात तारखा, वेळा आणि क्रमांक यांची लांबलचक यादी असते. अर्ज मनापासून लिहिलेला असला तरी तो बहुधा योग्य टेबलावर पोहोचत नाही. एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा ट्राय करत नाही. ट्राय नियम करते आणि कंपन्या ते पाळतात की नाही यावर देखरेख ठेवते. तक्रार नोंदवून तिची शहानिशा करण्याची जबाबदारी ट्रायच्या २०१८च्या विनियमांनी मोबाइल कंपन्यांवर टाकली आहे. म्हणून ट्रायच्या नियमांखालची तक्रार द्यायची ती ज्या कंपनीचे सिमकार्ड वापरात आहे तिच्याकडे. त्यासाठी १९०९ या क्रमांकावर फोन किंवा एसएमएस करता येतो, ट्रायचे डीएनडी अ‍ॅप वापरता येते किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनही तक्रार करता येते.

एसएमएस करायचा तर मजकूर लांबवण्याची गरज नाही. फोन कशाबद्दल होता, कोणत्या क्रमांकावरून आला आणि कोणत्या तारखेला आला, एवढेच स्वल्पविराम देऊन लिहायचे:

```
Plot sales call, 98XXXXXX17, 10/11/25
```

फुल्यांच्या जागी अर्थातच पूर्ण क्रमांक हवा. कंपनी तक्रार नोंदवून घेते आणि तिचा क्रमांक कळवते. तो जपून ठेवावा, कारण पुढची सगळी विचारपूस त्यावरच होते.

तारीख आणि क्रमांक यांना एवढे महत्त्व का, हे तपासणीची पद्धत पाहिली की कळते. तक्रारदाराची कंपनी आधी स्वत:कडच्या कॉलच्या नोंदी काढते आणि त्या तारखेच्या सुमारास त्या क्रमांकावरून या क्रमांकावर खरोखर फोन आला होता का, हे पाहते. नोंद जुळली की फोन करणारा ज्या कंपनीचा ग्राहक आहे तिच्याकडे तक्रार जाते आणि कारवाई तिने करायची असते. जुळली नाही तर तक्रार तिथेच बंद होते. क्रमांकातला एक आकडा चुकला तर खरी तक्रारही अशीच निकालात निघते. त्यामुळे क्रमांक आठवणीने लिहू नये, फोनमधल्या कॉल लॉगमधून उचलावा. संबंधित अ‍ॅपला परवानगी दिली तर ते हे काम स्वत: करते. तक्रार ग्राह्य धरण्यासाठी किमान जी माहिती लागते तिच्यात वेळेचा समावेश नाही. तरीही एकाच क्रमांकावरून दिवसात तीन फोन आले असतील, तर नेमका कोणता फोन विक्रीचा होता हे वेळेवरूनच सांगता येते, म्हणून ती लिहिलेली बरी.

यादी करून एकदम पाठवण्याच्या सवयीमुळे मात्र नुकसान होते. समजा नाशिकमधल्या एका ग्राहकाला प्लॉटविक्रीचे पाच फोन आले. एकाच दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून ३ आणि ६ नोव्हेंबरला, दुसऱ्या दहा आकडी क्रमांकावरून १० तारखेला, १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून १२ला आणि १३ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘पुरावा पक्का होऊ दे’ म्हणून त्याने वाट पाहिली आणि १४ तारखेला संध्याकाळी पाचही फोनची तक्रार केली. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनुसार फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते. त्याआधी ही मुदत तीनच दिवसांची होती. त्यामुळे ३ आणि ६ तारखेचे फोन मुदतीबाहेर गेले. अशा उशिराच्या नोंदी फेकून दिल्या जात नाहीत, पण त्या तक्रार न राहता नुसती माहिती म्हणून नोंदल्या जातात.

१० तारखेचा फोन मात्र बिनतोड तक्रारीचा आहे. साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून जाहिरातीचे फोन करायला परवानगीच नाही. अशा बिगरनोंदणीकृत विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी ग्राहकाने आधी डीएनडीची नोंदणी केलेली असण्याची अटही नाही. अनेकांना हे ठाऊक नसते आणि ‘आपण डीएनडी घेतलेले नाही, मग तक्रार कशी करणार’ असे समजून ते गप्प बसतात.

१२ तारखेच्या फोनचे गणित वेगळे आहे. १४० ही मालिका नोंदणीकृत कंपन्यांच्या प्रचारासाठीच राखून ठेवलेली आहे. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ही वेगळी मालिका आहे. १४० वरून आलेला फोन नियमभंग ठरायचा तर ग्राहकाने स्थावर मालमत्तेच्या जाहिराती नकोत, असे आधीच नोंदवलेले असावे लागते. १९०९ वर START 0 असा एसएमएस केला की सर्वच प्रकारचे प्रचाराचे फोन आणि संदेश नाकारल्याची नोंद होते. तरीही त्या बिल्डरच्या प्रदर्शनात फॉर्म भरताना ग्राहकाने फोन करायला स्पष्ट संमती दिलेली असेल, तर ती डीएनडीपेक्षा वरचढ ठरते. अशा फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत संमतीचा चौकोन असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. १३ तारखेचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल तर या व्यवस्थेत बसतच नाही. तो इंटरनेटवरून येतो, मोबाइल कंपनीच्या कॉलच्या नोंदीत तो दिसत नाही, आणि जे नोंदीत नाही ते पडताळता येत नाही. तिथे क्रमांक ब्लॉक करून अ‍ॅपमध्येच तक्रार नोंदवणे एवढेच हाती राहते.

म्हणजे पाचांपैकी एक तक्रार पक्की, एक अटींवर टिकणारी आणि तीन वाया. प्रत्येक फोनची तक्रार त्याच दिवशी, स्वतंत्रपणे केली असती तर निदान पहिल्या दोन तरी वाचल्या असत्या.

पुढे कारवाई कधी होते, हाही कळीचा मुद्दा आहे. एखाद्या बिगरनोंदणीकृत क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. एकाच माणसाने पाचदा तक्रार केली तर ती पाच माणसांची धरली जात नाही. म्हणूनच एकट्याची सविस्तर यादी फारशी उपयोगी पडत नाही. तोच क्रमांक घरातल्या, सोसायटीतल्या इतरांनाही छळत असेल तर प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून तक्रार करायला हवी. दोष सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी त्या विक्रेत्याच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर फोन करण्याची सोय १५ दिवस बंद होते. पुन्हा तेच केले तर सर्व कंपन्यांकडच्या त्याच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. मोबाइल कंपन्यांनी अशा फोनची संख्या चुकीची दाखवली तर त्यांनाही दंड आहे: पहिल्या वेळी दोन लाख, दुसऱ्या वेळी पाच लाख आणि त्यानंतर दर वेळी दहा लाख रुपये.

दंडाची ही रक्कम तक्रारदाराला मिळत नाही, भरपाईची तरतूदही या विनियमांत नाही. शिवाय विक्रेते नवे सिमकार्ड घेऊन परत येतात, तेव्हा नव्या क्रमांकाविरुद्ध नवी तक्रार करावी लागते.

फोन विक्रीचा नसून फसवणुकीचा वाटला, म्हणजे पलीकडचा माणूस केवायसी अडल्याचे किंवा अटक होणार असल्याचे सांगू लागला, तर १९०९ हा त्याचा मार्ग नव्हे. अशा संशयास्पद फोनसाठी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ ही सोय आहे. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा.