बटण दाबलं, तरी करवत फिरतेच

फर्निचरच्या कारखान्यात गोल करवतीचं लाल बटण दाबलं की मोटरची घरघर बंद होते. पातं मात्र फिरत राहतं, आणि चांगलं मिनिटभर फिरतं. फिरणाऱ्या पात्याचे दात दिसत नाहीत, आवाजही फारसा येत नाही. त्यामुळे मशीन थांबलं असं समजून भुसा झटकायला हात पुढे जातो, आणि अपघात होतो. काही कारागीर पात्याला बाजूने लाकडाचा तुकडा टेकवून ते थांबवतात. त्यात पातं वाकतं आणि तुकडा उडून अंगावर येतो.

ब्रेक खरं तर मोटरमध्येच असतो. साध्या थ्री-फेज इंडक्शन मोटरला बाहेरून काहीही न टेकवता, नुसत्या विजेने झटपट थांबवता येतं. त्यासाठी प्लगिंग, डीसी इंजेक्शन आणि डायनॅमिक ब्रेकिंग अशा तीन रीती आहेत. तिन्हींनी करवत काही सेकंदांत थांबते. पण थांबताना जी उष्णता तयार होते ती कुठे जाते, यावर मोटरचं आयुष्य ठरतं, आणि माझ्या मते निवड याच मुद्द्यावर करायला हवी.

एक उदाहरण घेऊ. मोटर साडेसात हॉर्सपॉवरची, 415 व्होल्टची, पूर्ण भाराला 11 अँपिअर घेणारी आणि मिनिटाला 1440 फेरे फिरणारी आहे. जड पातं, पुली आणि रोटर मिळून जडत्व 1 किलोग्रॅम-वर्गमीटर धरू, म्हणजे हिशेब सोपा होईल. पूर्ण वेगात असताना यात सुमारे 11,400 जूल ऊर्जा साठलेली असते. शंभर किलोचं पोतं चौथ्या मजल्याच्या उंचीला चढवायला जेवढी ऊर्जा लागेल, साधारण तेवढी. बेअरिंग आणि हवेचं घर्षण ही ऊर्जा हळूहळू खातं, म्हणून नुसतं बटण बंद केलं तर करवत सव्वा मिनिटाने थांबते. मोटरने आपल्या पूर्ण ताकदीइतकाच जोर उलट दिशेने लावला, तर चार सेकंद पुरतात.

आधी प्लगिंग पाहू, कारण ते सगळ्यात जुनं आणि समजायला सोपं. विहिरीवरच्या थ्री-फेज पंपाच्या दोन फेज बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. प्लगिंगमध्ये तेच करतात, फक्त मोटर पूर्ण वेगात असताना. स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र एकदम उलट दिशेने 1500 फेऱ्यांनी फिरू लागतं आणि रोटरला जोरात मागे खेचतं. आपली करवत दोन-अडीच सेकंदांत उभी राहील. वेगाच्या बाबतीत इतर दोन्ही रीती याच्या मागे पडतात.

पण किंमत पाहा. रोटरमध्ये किती उष्णता तयार होते, हे क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगातल्या फरकावर ठरतं. प्लगिंगच्या सुरुवातीला हा फरक जवळजवळ 3000 फेऱ्यांचा असतो, कारण रोटर सुलट आणि क्षेत्र उलट फिरत असतं. रोटर थांबतो तेव्हा तो 1500 असतो. सरासरी 2250. त्याच काळात रोटरचा स्वतःचा सरासरी वेग 750, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. म्हणून करवतीत साठलेल्या ऊर्जेच्या तिप्पट उष्णता रोटरमध्ये उतरते. आपल्या उदाहरणात ती सुमारे 34,000 जूल आहे. साठलेली ऊर्जा एक हिस्सा, उरलेले दोन हिस्से मुख्य पुरवठ्यातून येतात. थांबवण्यासाठी आपण वीज विकत घेतो आणि तिने मोटर तापवतो! रोटरच्या पिंजऱ्यात दीड-दोन किलो ॲल्युमिनियम धरलं, तर दर थांब्याला त्याचं तापमान वीसेक अंशांनी चढतं. शिवाय या काळात मोटर सुरू होतानाच्या झटक्याहूनही जास्त करंट घेते, त्यामुळे स्टेटरची वायंडिंगही जवळजवळ तेवढीच तापते.

दुसरी अडचण अशी की, रोटर थांबला तरी क्षेत्र थांबत नाही. त्या क्षणी पुरवठा तोडला नाही, तर करवत उलटी फिरू लागते. त्यासाठी शाफ्टवर झिरो-स्पीड स्विच बसवतात. वेग शून्याच्या जवळ आला की तो उलट्या फेजचा कॉन्टॅक्टर सोडतो. थांबताना पातं शेवटी पाव-अर्धा फेरा उलटं जात असेल, तर हा स्विच उशिरा तुटतोय असं समजावं. सुलट आणि उलट दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागले तर फेज-फेज शॉर्ट होते, म्हणून त्यांच्यात विजेचं आणि यांत्रिक, अशी दोन्ही इंटरलॉक असलीच पाहिजेत.

डीसी इंजेक्शनमध्ये वेगळीच युक्ती आहे. मुख्य कॉन्टॅक्टर सोडायचा, रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व विरायला सेकंदभर थांबायचं आणि मग मोटरच्या दोन टर्मिनलांना डीसी द्यायचा. आता स्टेटरमधलं क्षेत्र जागेवर उभं असतं. फिरणारा रोटर ते कापत जातो, त्याच्या पिंजऱ्यात करंट वाहतो आणि तोच करंट रोटरला अडवतो. वेगातला फरक म्हणजे इथे रोटरचा स्वतःचाच वेग, म्हणून उष्णता साठलेल्या ऊर्जेएवढीच, 11,400 जूल. प्लगिंगच्या एक तृतीयांश. रोटर थांबला की अडवणारा जोरही शून्य होतो, त्यामुळे करवत उलटी फिरण्याचा प्रश्नच उरत नाही.

डीसी किती द्यायचा, इथे अनेक जण चुकतात. या आकाराच्या मोटरच्या दोन टर्मिनलांमधला रोध सुमारे दीड ओहम असतो. पूर्ण भाराच्या दुप्पट, म्हणजे 22 अँपिअर डीसी द्यायचा तर व्होल्टेज लागतं फक्त 33. म्हणून थेट 415 व्होल्टला ब्रिज रेक्टिफायर लावून चालत नाही. लहान ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर हवा, किंवा व्होल्टेज आवरणारं तयार थायरिस्टर मॉड्यूल. बसवण्यापूर्वी आपल्या मोटरचा रोध मोजून हाच गुणाकार करावा. एवढ्या डीसीने आपली करवत साधारण चार ते सहा सेकंदांत थांबेल. सुरुवातीला, वेग जास्त असताना, पकड ढिली वाटते. वेग उतरत गेला की ती घट्ट होते आणि अगदी शेवटी पुन्हा सुटते. हा बिघाड नव्हे, या रीतीचा स्वभावच तसा आहे. म्हणूनच टांगलेलं वजन धरून ठेवायला ती निरुपयोगी. लिफ्ट किंवा क्रेनला वेगळा यांत्रिक ब्रेक लागतोच.

डीसी चालू असताना वायंडिंगमध्ये सातशेहून जास्त वॅट जळत असतात. पाच सेकंदांना ते काहीच नाही. पण करवत थांबल्यावर मोटरचा पंखाही थांबलेला असतो, आणि टायमर अडकून डीसी चालूच राहिला तर वायंडिंग जळायला वेळ लागत नाही. टायमर गेलाय हे हाताला कळतं: थांबल्यावर शाफ्ट फिरवून पाहिला तर तो जड लागतो, आणि मोटर उभी असूनही गरम होत जाते. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी मोटरच्याच टर्मिनलांवर कपॅसिटर लावलेला असेल, तर तो आधी तिथून काढून मुख्य कॉन्टॅक्टरच्या पुरवठ्याकडच्या बाजूला न्यावा. मोटरची वीज तोडल्यावरही तो तिचं चुंबकत्व टिकवून धरतो, आणि मग डीसी देताना जोरदार झटका बसतो.

तिसरी रीत डायनॅमिक ब्रेकिंगची. जुन्या पाठ्यपुस्तकांत डीसी इंजेक्शनलाच हे नाव दिलेलं सापडतं. इथे मी ड्राइव्हवाल्यांच्या अर्थाने ते वापरतो आहे. मोटर व्हीएफडीवर चालत असेल, तर ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी हळूहळू उतरवतो. क्षेत्र रोटरहून किंचित सावकाश फिरू लागतं आणि मोटर जनित्र बनून ऊर्जा परत ड्राइव्हकडे पाठवते. वेगातला फरक सतत थोडाच राहतो, म्हणून रोटर फारसा तापत नाही. उष्णतेच्या हिशेबात ही रीत सरस आहे.

मात्र परत आलेली ऊर्जा साध्या ड्राइव्हला मुख्य पुरवठ्यात ढकलता येत नाही. ती त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठते आणि तिथलं व्होल्टेज 590 च्या आसपासून चढत जातं. कपॅसिटर 1000 मायक्रोफॅरडचा धरला, तर 780 व्होल्टपर्यंत तो जेमतेम 130 जूल पोटात घेतो. आपल्याकडे आहेत 11,400! म्हणून बाहेर एक रोधक बसवावा लागतो आणि व्होल्टेज ठरावीक पातळीला गेलं की ड्राइव्ह तो जोडतो. आपल्या मोटरला 100 ओहमचा रोधक पुरेल. 780 व्होल्टला तो सहा किलोवॅट जाळतो. मिनिटाला एकदा थांबवलं तरी सरासरी दोनशे वॅटही होत नाहीत.

हा रोधकच बसवलेला नसतो, ही नेहमीची चूक. ड्राइव्ह विकत घेतला जातो, थांबण्याचा वेळ चार सेकंद भरला जातो आणि चाचणी पातं न बसवता होते, म्हणून सगळं ठीक वाटतं. पातं बसवून थांबवलं की ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो आणि मोटर मोकळी सुटते. म्हणजे ब्रेक हवा असतो नेमका तेव्हाच करवत सव्वा मिनिट फिरत राहते. रोधकावर थर्मल स्विच हवा आणि त्याने ड्राइव्हचा मुख्य पुरवठाच तोडला पाहिजे, कारण ड्राइव्हमधला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर रोधक लाल होईपर्यंत तापतो.

मग करवतीला काय लावावं? साध्या स्टार्टरवर चालणारी असेल, तर डीसी इंजेक्शन. दोन सेकंद वाचवण्यासाठी प्लगिंगची तिप्पट उष्णता पत्करण्यात अर्थ नाही. वेग बदलण्यासाठी व्हीएफडी आधीच घेतलेला असेल, तर फक्त रोधक जोडा. नुसत्या ब्रेकसाठी मात्र ड्राइव्ह घेऊ नये. मिनिटाला दोन-चारदा चालू-बंद होणाऱ्या मशीनची गोष्ट निराळी. तिथे सुरू होतानाची उष्णताही मोजावी लागते, आणि ती दर वेळी साठलेल्या ऊर्जेएवढीच असते. स्टार्टर आणि प्लगिंग मिळून दर फेरीला रोटरवर चार हिस्से पडतात, स्टार्टर आणि डीसी मिळून दोन. ड्राइव्हवर सुरू होणं आणि थांबणं मिळूनही एक हिस्सा होत नाही. अशा मशीनला ड्राइव्हचा खर्च रिवायंडिंग वाचल्यामुळे भरून निघतो.

कुठलीही रीत लावा, दोन गोष्टी विसरू नका. पात्याचा नट सुरू होताना घट्ट होईल अशा आट्याचा असतो, त्यामुळे जोराचा ब्रेक त्याला सैल करू पाहतो. पात्याच्या चकत्या शाफ्टला पिनने किंवा चावीने अडकवून घ्या. आणि प्लगिंग काय, डीसी काय, दोन्ही मुख्य पुरवठ्यावर चालतात. वीज गेली की तुमच्या करवतीला ब्रेक नसतो, त्यामुळे लाइट गेल्यावर पातं डोळ्यांनी थांबलेलं दिसेपर्यंत कोणालाही मशीनजवळ हात नेऊ देऊ नका.