एका रकान्यातले लेखक

अकारविल्हे यादी लावताना स्प्रेडशीट प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर पाहते, ते सारखे असेल तर दुसरे, मग तिसरे. समोरचा शब्द आडनाव आहे, वडिलांचे नाव आहे की आद्याक्षर, हे तिला कळत नाही. मराठीत एकच माणूस ‘पु. ल. देशपांडे’, ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. या तिन्ही तऱ्हा एकाच रकान्यात आल्या, की सॉर्टचे बटण दाबून यादी वरवर नीट दिसते, पण शोधायला निरुपयोगी होते.

वाचनालयाची लेखकसूची हे याचे नेहमीचे उदाहरण. वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या काळी भरलेल्या अशा सूचीतली नऊ नावे घेऊन ती जशी आहेत तशी सॉर्ट केली, तर असा क्रम लागतो:

काळे वसंत पुरुषोत्तम
कुसुमाग्रज
गौरी देशपांडे
जी. ए. कुलकर्णी
डॉ. श्रीराम लागू
देशपांडे, सुनीता
पु. ल. देशपांडे
श्री. के. क्षीरसागर
श्री. ना. पेंडसे

तीन देशपांडे तीन अक्षरांखाली गेले. लागू ‘ड’खाली बसले, कारण यंत्राच्या लेखी त्यांचे नाव ‘डॉ.’ने सुरू होते. काळे मात्र योग्य जागी आहेत, तेही केवळ त्यांचे आडनाव योगायोगाने आधी लिहिले होते म्हणून.

दुरुस्तीची सुरुवात उपाधींपासून करावी लागते. मूळ रकाना जपून ठेवून त्याच्या प्रतीवर काम केलेले बरे. ‘डॉ.’ शोधून काढून टाकणे सोपे आहे. ‘श्री’ मात्र फसवा. तो सरसकट पुसला तर श्रीराम लागूंचे राम लागू होतात. टिंबासकट ‘श्री.’ शोधला तरी धोका टळत नाही, कारण पेंडशांच्या नावातला ‘श्री.’ हा आदरार्थी नसून श्रीपादचे आद्याक्षर आहे. क्षीरसागरांचेही तसेच, तिथे तो श्रीकृष्णचा आहे. म्हणून ‘श्री.’च्या ओळी गाळून वेगळ्या काढाव्यात आणि एकेक डोळ्यांखालून घालावी. त्याला सूत्र नाही.

यानंतरची सफाई यंत्रावर सोपवता येते. उपाधी काढलेले नाव A रकान्यात आहे असे धरले, तर B रकान्यात पुढील सूत्र स्वल्पविराम काढते, टिंबानंतर जागा सोडते आणि जादा मोकळ्या जागा पुसते. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात मोकळ्या जागेसारखेच दिसणारे पण वेगळ्या क्रमांकाचे (160) एक चिन्ह येते, त्याचाही इथे बंदोबस्त होतो.

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "),","," "),".",". "))
```

टिंबानंतरची जागा महत्त्वाची आहे. कोणी ‘पु.ल.देशपांडे’ असे सलग टंकले असेल, तर तिच्याशिवाय सबंध नाव एकच शब्द ठरते. आता C रकान्यात पहिला शब्द आणि D रकान्यात शेवटचा शब्द काढायचा:

```
=LEFT(B2,FIND(" ",B2&" ")-1)
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(B2," ",REPT(" ",100)),100))
```

या दोहोंतला आडनाव कोणता, हा खरा प्रश्न. त्याच्या दोन खुणा नावातच असतात. मूळ नोंदीत स्वल्पविराम असेल तर आडनाव आधी आले आहे, आणि पहिला शब्द टिंबाने संपत असेल तर तो आद्याक्षर आहे, म्हणजे आडनाव शेवटी आहे. E रकान्यातले सूत्र या खुणा वाचते आणि जिथे खूण नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवते.

```
=IF(ISNUMBER(FIND(",",A2)),1,IF(RIGHT(C2,1)=".",2,"?"))
```

नऊपैकी पाच नावे अशी आपोआप सुटतात. उरलेल्या चारांत माणसाने 1 किंवा 2 लिहायचे: ‘काळे वसंत पुरुषोत्तम’ला 1, ‘गौरी देशपांडे’ आणि ‘श्रीराम लागू’ यांना 2. ‘कुसुमाग्रज’ हे एकाच शब्दाचे टोपणनाव, त्यालाही 1. चुकून 2 दिले तर पुढच्या सूत्रात `#VALUE!` उमटते, आणि चूक लगेच उघडी पडते. ‘भास्कर’सारखा शब्द नावही असतो आणि आडनावही, तिथे पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहण्यावाचून इलाज नाही. ‘देशपांडे कुलकर्णी’ असे दुहेरी आडनाव जोडरेघेविना लिहिले असेल तर सूत्राला त्यातला एकच शब्द दिसतो. सूत्रे लावण्याआधी त्यात जोडरेघ घातली की काम भागते.

F रकान्यात आडनाव, G रकान्यात उरलेले नाव:

```
=IF(E2=1,C2,D2)
=IF(E2=1,MID(B2,LEN(C2)+2,100),LEFT(B2,LEN(B2)-LEN(D2)-1))
```

यानंतर सॉर्टच्या खिडकीत आधी F, मग G असे दोन स्तर द्यायचे. त्यावेळी सगळे रकाने निवडलेले हवेत. फक्त नावांचा रकाना निवडला तर एक्सेल निवड वाढवायची का असे विचारते, आणि तिथे घाईने नकार दिला की नावे हलतात, शेजारचे दाखलक्रमांक मात्र जागीच राहतात. पुस्तके भलत्या लेखकाच्या नावावर चढतात, आणि यादी पाहून ते कळतही नाही.

एवढे झाल्यावर देशपांडे एकत्र येतात: गौरी, पु. ल., सुनीता. टिंबाचा क्रम अक्षरांच्या आधी असल्याने ‘पु.’ हा ‘पुरुषोत्तम’च्या आधी पण त्याच्या जवळपास राहतो. जी. ए. कुलकर्णींचे तसे नाही. त्यांचे नाव गुरुनाथ आबाजी, पण आद्याक्षरे इंग्रजी उच्चाराची. एका नोंदीत ‘जी. ए.’ आणि दुसऱ्या नोंदीत ‘गुरुनाथ’ असेल, तर कुलकर्ण्यांच्या गर्दीत एकाचेच दोन लेखक होतात. इंग्रजी वळणाच्या आद्याक्षरांवरून मूळ नाव ओळखताही येत नाही: ‘एस.’ म्हणजे सुरेशही आणि शंकरही. अशा लेखकांसाठी एकच रूप ठरवून ते हाताने भरावे लागते.

आता राहिला वर्णमालेचा प्रश्न. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ला तर तक्त्यात स्वतंत्र जागाच नाही, तो क, हलन्त आणि ष यांचा जोड म्हणून साठवला जातो, त्यामुळे क्षीरसागर ‘क’च्या शेवटी, देशपांड्यांच्याही आधी जाऊन बसतात. क्रम कोणता लागेल हे संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवरही ठरते. लिब्रेऑफिसमध्ये सॉर्टच्या पर्यायांत भाषा निवडता येते. आपल्या यंत्रावर काय होते हे तीन आडनावांनी तपासता येते. मवाळ, महाले, मळेकर असा क्रम आला तर वर्णमाला मराठी आहे. मळेकर आधी आले तर तक्त्याचा क्रम चालू आहे.

तक्त्याचाच क्रम असेल, तर H रकान्यात केवळ सॉर्टसाठी एक बनावट आडनाव तयार करता येते:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(F2,"क्ष","ह्ह्ह"),"ळ","ह्ह")
```

तक्त्यात हलन्त सगळ्या मात्रांच्या नंतर येतो, म्हणून ‘ह्ह’ हा हा-हि-ही या साऱ्यांच्या पुढे जातो आणि ‘ह्ह्ह’ त्याच्याही पुढे. F ऐवजी H वर सॉर्ट करून हा रकाना लपवून ठेवायचा. मग नऊ नावांचा क्रम असा होतो: काळे, कुलकर्णी, कुसुमाग्रज, तिघे देशपांडे, पेंडसे, लागू आणि शेवटी क्षीरसागर.