खत न घातलेली कुंडी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन कुंड्यांचा प्रयोग ठरलेलाच असतो. एकीत हिरवंगार रोप, दुसरीत किडकिडीत, आणि पुढ्यात दोन चिठ्ठ्या: ‘युरिया घातलेले’, ‘युरिया न घातलेले’. बघणारे मान डोलावून पुढे जातात. पण युरिया पाण्यात विरघळवून दिला असेल आणि त्या वेळी दुसऱ्या कुंडीला काहीच दिलं नसेल, तर पहिल्या रोपाला खताबरोबर पेलाभर पाणीही जास्त मिळालेलं असतं. मग ते वाढलं कशामुळे, युरियामुळे की पाण्यामुळे? त्या दोन कुंड्या याचं उत्तर देऊच शकत नाहीत.

खत न घातलेल्या कुंडीला प्रयोगाच्या भाषेत ‘कंट्रोल’ म्हणतात. खत दिलं नसतं तर काय झालं असतं, हे दाखवणं तिचं काम. हे काम तिला नीट करता यावं म्हणून खत सोडून बाकी सगळं दोन्हीकडे सारखं ठेवावं लागतं: माती, पाणी, ऊन, बियाणं, कुंडीचा आकार, पेरणीचा दिवस. हे झाले स्थिर घटक. म्हणजे कंट्रोल हा कुंड्यांचा एक गट असतो, तर स्थिर घटक ही सगळ्याच कुंड्यांना लागू असलेली परिस्थिती असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत यांची हमखास सरमिसळ होते.

कंट्रोलचं एक जुनं आणि ठसठशीत उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन इथे जॉन लॉज यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले. रसायनतज्ज्ञ जोसेफ गिल्बर्ट त्यांच्या सोबत होते. लॉज स्वतः सुपरफॉस्फेट विकणारे कारखानदार. तरीही शेताचा एक पट्टा त्यांनी कोणतंही खत न घालता राखून ठेवला, आणि तो आजही तसाच राखला जातो. त्या काळी जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांचं म्हणणं होतं की पिकाला नत्र हवेतून पुरेसं मिळतं, जमिनीत फक्त खनिजं भरून काढावीत. ब्रॉडबाल्कमध्ये नुसती खनिजं दिलेल्या पट्ट्यातला गहू बिनखताच्या पट्ट्यापेक्षा फारसा वरचढ ठरला नाही. नत्रही दिलं तेव्हा मात्र उत्पन्न भरपूर वाढलं. बिनखताचा पट्टा शेजारी नसता तर हा वाद वर्षानुवर्षं चालला असता. पाऊसमान चांगलं असलं की सगळंच पीक चांगलं येतं, आणि श्रेय ज्या त्या खताच्या पोत्याला जातं. आपल्याकडे फवारणीच्या टॉनिकांची जी ख्याती ऐकू येते, तिच्यातही अशा चांगल्या पावसाचा वाटा किती, हे न फवारलेली चार सरी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता घरी करता येईल असा प्रयोग घेऊ. थंडीचे दिवस, पीक गहू. मूग किंवा मेथी लवकर उगवते म्हणून शाळांत तीच घेतात, पण युरियासाठी ही निवड चुकीची आहे. ही द्विदल पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवू शकतात. त्यामुळे ‘नत्र न दिलेली’ कुंडी खरोखर नत्राविना राहीलच, याची खात्री नसते.

माती एकाच ढिगातली, चाळून आणि खालीवर कालवून घेतलेली हवी. शेणखत किंवा गांडूळखत घातलेली बागेची माती नको. तिच्यात नत्र आधीच असतं आणि मग युरियाचा फरक दिसत नाही. अशा दहा सारख्या कुंड्यांत प्रत्येकी एक किलो माती भरायची, आठ-आठ दाणे पेरायचे, उगवल्यावर पाच सारखी रोपं ठेवून बाकीची उपटायची. कोणत्या पाच कुंड्यांना युरिया द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आपण निवडायला गेलो की नकळत टवटवीत रोपांना खत देतो.

पहिले आठ-दहा दिवस काहीच द्यायचं नाही, कारण तोवर रोप दाण्यातल्या साठ्यावर जगत असतं. आठवड्याभरात निकाल लावणारे प्रयोग इथेच फसतात. दोन पानं नीट आली की दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम युरिया विरघळवायचा. घरच्या काट्यावर एक ग्रॅम धड मोजता येत नाही म्हणून एवढी मोठी बादली. त्यातलं १०० मिलिलिटर पाच कुंड्यांना, आणि त्याच वेळी तितकंच साधं पाणी उरलेल्या पाच कुंड्यांना. आठवड्याने पुन्हा एकदा तेच. असा प्रत्येक कुंडीला ०.२ ग्रॅम युरिया मिळतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा एवढा पुरतो. चमचाभर घातलात तर मुळं आणि पानांची टोकं करपतील, आणि युरियाने गहू खुरटतो असा उफराटा निष्कर्ष निघेल.

उन्हाचा प्रश्न सगळ्यांत चिवट. खिडकीत ठेवलेल्या दहा कुंड्यांना सारखं ऊन कधीच मिळत नाही. म्हणून दोन्ही गट आलटून पालटून मांडायचे आणि दर दोन दिवसांनी जागा बदलायच्या. (प्रयोगच उजेडावर असेल तर अडचण वाढते: कपाटातल्या कुंडीला ऊन कमी मिळतं, तशी ऊब आणि हवाही वेगळी मिळते, शिवाय तिची माती उशिरा सुकते. त्यात अंधारातलं रोप उजेडाच्या शोधात उंचच वाढतं, म्हणून तिथे नुसती उंची मोजणं फसवं.)

पाच-पाच कुंड्या कशाला, एकेक पुरत नाही का? समजा महिन्याने कंट्रोल कुंड्यांतल्या रोपांची सरासरी उंची १८, २१, १९, २२ आणि २० सेंटिमीटर भरली. युरियाच्या कुंड्यांत २३, २१, २५, २४ आणि २२. गटांची सरासरी २० आणि २३. पण प्रत्येक गटात एकच कुंडी असती, आणि नेमकी कंट्रोलची २२ वाली व युरियाची २१ वाली हाती लागली असती, तर युरियाने वाढ घटली असंच वाटलं असतं. एकाच गटातल्या पाच कुंड्यांत चार सेंटिमीटरचा फरक असताना गटागटांतला तीनचा फरक जपूनच वाचावा लागतो. शेवटी रोपं मातीलगत कापून पूर्ण वाळवावीत आणि प्रत्येक कुंडीतल्या पाचही रोपांचं वजन एकत्र करावं. उंचीपेक्षा वाळलेलं वजन खरी वाढ सांगतं.

आकड्यांच्या जोडीला पानंही बघावीत. नत्र कमी पडलं की गहू जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतो, त्यामुळे आधी खालची पानं पिवळी पडतात. कंट्रोलच्या कुंड्यांत तसं दिसलं आणि युरियाच्या कुंड्यांत खालची पानं हिरवी राहिली, तर फरक नत्राचाच, असं बऱ्याच भरवशाने म्हणता येतं. दोन्ही गटांत शेंड्याकडची नवी पानं फिकी असतील, तर मातीत लोहासारखं दुसरंच काही कमी आहे. आणि दहाही कुंड्या सारख्याच हिरव्यागार राहिल्या, तर माती आधीच खाऊन-पिऊन तृप्त होती. तिच्यात वाळू मिसळून पुढच्या थंडीत पुन्हा पेरावं.