सोळा मात्रांची भेट

मित्राच्या वाढदिवसाला चार ओळी लिहायच्या ठरवल्या की मराठी माणूस पहिली ओळ बहुतेक वेळा सहज लिहून जातो. दुसरी लिहिताना यमक शोधावं लागतं आणि तेही चटकन सापडतं. तिसऱ्या ओळीपासून मात्र काहीतरी बिनसल्यासारखं वाटू लागतं. यमक जुळतंय, तरी कविता वाचताना ठेच लागते. हे का होतं, ते एक भेट-कविता पायरीपायरीने रचत पाहू.

समजा, मित्राचं नाव सुहास आहे. तो पन्नाशीत पदार्पण करतोय, दर पावसाळ्यात एक छत्री हरवतो आणि म्हणूनच आपण त्याला छत्री भेट देणार आहोत. विषय एवढाच पुरे. त्याची नोकरी, गाणं, मुलं, मधुमेह असं सगळं कोंबायला गेलं की कवितेचा बायोडेटा होतो. एकाच खोडीवर सगळ्या ओळी टेकल्या तर ऐकणारे पुढच्या ओळीची वाट पाहतात.

आधी साचा ठरवू. प्रसंगाला कविता करायची जुनी मराठी जागा म्हणजे लग्नातलं मंगलाष्टक, आणि ते बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतं. त्यात प्रत्येक चरणात १९ अक्षरं आणि प्रत्येक अक्षर लघू की गुरू हेही आधीच ठरलेलं. ‘सुहास’ हे नाव लघू-गुरू-लघू असं आहे, ते त्या १९ अक्षरांत फक्त दोन ठिकाणी बसतं: पाचव्या अक्षरापासून किंवा सातव्यापासून. मग नावासाठी वाक्य वाकवावं लागतं आणि ‘सुमुहूर्ती’, ‘शुभदिनी’ असले शब्द भरतीला येतात. थट्टेच्या कवितेला ते जड जातं.

तिला पादाकुलक बरं. ही मात्रांची जाती आहे. एका चरणात १६ मात्रा, आठांवर हलका थांबा, बस्स. लघू-गुरूंचा क्रम आपला आपण ठरवायचा. छंदशास्त्राचा मोठा ग्रंथ ‘छंदोरचना’ लिहिणाऱ्या माधव जूलियनांनी आठ मात्रांच्या अशा आवर्तनाला पद्मावर्तन म्हटलं आहे. टेबलावर बोटाने चार मात्रांना एक ठोका दिला तर एका ओळीत चार ठोके पडतात. ‘लोकल’ चार मात्रांचा, ‘टपरी’ चार मात्रांची, ‘ऑफिस’ही चारच. त्यामुळे रोजच्या बोलण्यातले शब्द इथे न कुरकुरता बसतात.

मात्रा मोजायचे नियम थोडे आहेत. अ, इ, उ असलेलं अक्षर एक मात्रेचं. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं दोन मात्रांचं. स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार असेल तर अक्षर गुरू, म्हणजे ‘थेंब’ तीन मात्रांचा. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर, त्यावर आघात येत असेल तर, गुरू होतं. म्हणून ‘छत्री’तला छ दोन मात्रांचा, पण ‘तुझ्या’तला तु एकाच मात्रेचा, कारण तिथे झ्या म्हणताना तु वर जोर पडत नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. शब्द मोठ्याने म्हणावा लागतो.

आणखी एक गोष्ट नवख्याला अडवते. बोलताना आपण ‘घर’मधल्या र चा अ गिळतो, पण मोजताना गिळायचा नाही. घ एक, र एक, दोन मात्रा. ‘वाढदिवस’ असाच सहा मात्रांचा.

आता पहिला कच्चा खर्डा. सुचलं तसं लिहिलं तर असं येतं:

सुहास माझा मित्र असतो,
दर वर्षी तो छत्री हरवतो.

मोजून पाहा. पहिल्या ओळीत १५ मात्रा, दुसरीत १७. ठोके देत वाचलं की पहिलीत शेवटी पाय हवेत राहतो आणि दुसरीत ‘हरवतो’ घाईने उरकावं लागतं. वाचताना लागणारी ठेच ती हीच. मात्रा नीट करून घेतल्या तर:

आभाळातुन थेंब टपकतो,
सुहास छत्री कुठे विसरतो!

आता दोन्ही ओळी १६ मात्रांच्या आहेत. तरी ऐकणारा हसत नाही. कारण ‘टपकतो’ आणि ‘विसरतो’ यांत सारखं आहे ते फक्त ‘तो’, आणि तो शब्दाचा नव्हे, व्याकरणाचा भाग आहे. मराठीत यमक स्वस्त आहे. वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, आणि क्रियापदं तो, ते, ला, ली, त अशा मोजक्या प्रत्ययांनी संपतात. विभक्तीचंही तसंच: मला, तुला, घराला, दाराला. असं यमक कुठल्याही दोन ओळींना लागतं, म्हणून कानाला त्यातून काही मिळत नाही. मजा येण्यासाठी प्रत्ययाच्या अलीकडचा स्वर आणि व्यंजनही जुळावं लागतं. ‘करतो’ला ‘बसतो’ चालवून घेतात. ‘भरतो’ आला की कान टवकारतात.

यावर सोपा उपाय आहे. मराठीत शब्दांचा क्रम बराच मोकळा आहे, तेव्हा क्रियापद मागे ओढायचं आणि शेवटच्या जागेवर नाम, विशेषण किंवा खुद्द मित्राचं नाव बसवायचं. उखाण्यात हेच होतं. नाव कुठे येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि यमक त्याच्याकडे नेतं. ‘सुहास’ला खास, तास, घास, त्रास, हमखास असे पुष्कळ जोडीदार आहेत. त्यातला थट्टेचा कोणता? ‘खास’ कौतुकाचा आहे आणि सगळ्यांना आधीच सुचलेला असतो. ‘हमखास’मध्ये मात्र त्याच्या सवयीचा पक्केपणा आहे.

ढग आले अन् निघे सुहास,
छत्री हरवे मग हमखास.

इथे दोन्ही ओळींच्या शेवटचा स लघू आहे, म्हणजे नुसत्या मोजणीने १५ मात्रा होतात. चरणाच्या शेवटचं लघू अक्षर किंचित लांबवून गुरू धरायची मुभा पद्यात आहे, त्याने १६ भरतात. पण ती दोन्ही ओळींत सारखी घ्यावी, नाहीतर जोडी लंगडते.

पुढे छत्र्यांची यादी. विनोदी कवितेत यादी उपयोगी पडते, कारण प्रत्येक वस्तूची वेगळी गत करता येते.

लोकलमध्ये पहिली गेली,
दुसरी कोणी उचलुन नेली.
तिसरी टपरीवरती बसली,
चौथी मागे वळून हसली.

इथे चारही ओळी क्रियापदांनीच संपतात, पण यमक पोकळ नाही. ‘गेली’ आणि ‘नेली’त ‘एली’ जुळतं, ‘बसली’ आणि ‘हसली’त ‘असली’. पहिल्या दोन छत्र्यांची हकिगत सरळ आहे; तिसरी आणि चौथी माणसांसारखी वागू लागतात. हा चढ ठेवावा लागतो. हसणारी छत्री आधी आणि लोकलमधली नंतर आली असती तर यादी खाली घसरली असती. ‘उचलून’चं ‘उचलुन’ केलं आहे, कारण ‘लू’ने ओळीत १७ मात्रा झाल्या असत्या. एवढी सूट सर्वजण घेतात. ‘वळून’ मात्र तसंच राहिलं, कारण तिथे दीर्घ ळू हवाच होता. आणि ‘मित्रा’साठी ‘मित्रवरा’ असले शब्द मात्रा भरण्यापुरते येऊ लागले की समजावं, ओळ मोडून नव्याने लिहायची वेळ झाली.

आता भेट. छत्र्या चार गेल्या, म्हणजे ही पाचवी. ‘पाचवी’ हा शब्द शेवटी ठेवला तर त्याला जोडीदार कोण? आचवी, नाचवी, वाचवी. अर्थ आपोआप हाती आला:

पन्नाशीची भेट पाचवी
भिजण्यापासुन तुला वाचवी.

यमक असंही काम करतं. आधी अर्थ ठरवून यमक शोधण्याऐवजी जोडीदारांची यादी काढली तर कधी कधी अर्थच तिथून येतो. या दोन ओळींत आठ मात्रांनंतरचा भाग तीन आणि पाच असा पडतो, ‘भेट पाचवी’ आणि ‘तुला वाचवी’. चाराचा ठोका शब्दाच्या मधोमध येतो, पण दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो खटकत नाही.

शेवटी शुभेच्छा द्यायचा मोह होतो. ‘शतायुषी हो’ कार्डावर छापलेलं असतंच. थट्टेच्या कवितेने शेवटपर्यंत थट्टाच करावी. प्रेम भेटीत आहे, ते शब्दात पुन्हा सांगायची गरज नाही.

दोरी आहे मुठीस पक्की,
हीही जाइल, हे पण नक्की!

दहा ओळी झाल्या. त्या वाढवायच्या नाहीत. आणखी दोन छत्र्या हरवल्या तर ऐकणारे मोजू लागतील.

लिहून झाल्यावर दोन चाचण्या कराव्यात. पहिली, सुहासच्या जागी दुसऱ्या मित्राचं नाव घालून पाहावं. कविता तशीच चालली तर ती सुहासची झालेली नाही, शुभेच्छापत्राची झाली आहे. इथे नाव बदललं की ‘हमखास’ निराधार होतो आणि छत्र्यांचा अर्थ जातो, म्हणजे ठीक. दुसरी, ती सवय त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर मोठ्याने सांगितली तर तो स्वतः हसेल का? छत्री हरवण्याला माणूस हसतो. टक्कल, वजन, अडलेली बढती यांवर तो हसल्यासारखं करतो.

भाषा निवडतानाही हाच विचार. सुहास घरी मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असेल आणि आपल्याला ती बोली खरोखर येत असेल तर त्यात लिहावं; मात्रांचा हिशेब बोलीतही चालतो, फक्त ऱ्हस्व-दीर्घ तिथल्या उच्चाराप्रमाणे धरायचे. ऐकीव बोलीत लिहिलं की थट्टा सुहासची न राहता त्याच्या गावाची होते.

वाचायची वेळ आली की दोन-दोन ओळी एका दमात म्हणाव्यात, जोडीनंतर थांबावं आणि हसू ओसरू द्यावं. शेवटची जोडी म्हणताना छत्री अजून कागदातच गुंडाळलेली असावी. ‘नक्की’ म्हटल्यावर ती त्याच्या हातात द्यावी, आणि दोरी मनगटात अडकवून घेतल्याशिवाय केक कापू देऊ नये.