एक ओगर की आठ गॉब्लिन?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक राक्षसाला अनुभवगुण असतात. तिसऱ्या पातळीच्या चौघांच्या चमूसमोर ४५० गुणांचा एक ओगर ठेवला, तर २०१४च्या नियमांनुसार ती लढाई सोपी ठरते. आठ गॉब्लिनांचे गुण मिळून ४००च भरतात, पण संख्या जास्त म्हणून नियम त्यांना अडीचने गुणतो. १००० गुणांची ही लढाई ‘कठीण’ गटात जाते.

याचं कारण वारांच्या संख्येत आहे. ओगर फेरीत एकदाच सोटा फिरवतो. चिलखताचा आकडा १५ असलेल्याला त्यातून सरासरी ८ इजा होते. आठ गॉब्लिनांचे निम्मे वार लागले, तरी फेरीत २० इजा होते. सगळे जादूगारावर तुटून पडले, तर त्याचे जेमतेम १७ प्राणगुण पहिल्याच फेरीत संपू शकतात. मग चमूचा एक वार कमी होतो आणि पारडं आणखी झुकतं.

म्हणून आठही गॉब्लिन एकदम आणू नयेत. आधी पाच आणावेत आणि उरलेल्या तिघांची चाहूल तिसऱ्या फेरीत द्यावी. तोवर दोन खेळाडू कोसळले असतील, तर तिघांना यायला उशीर होऊ द्यावा. निम्मे साथीदार पडले की गॉब्लिन पळतील, हेही आधीच ठरवावं. मग फासे लपवून बदलावे लागत नाहीत. भीती खरी राहते आणि चमूही बहुधा वाचतो.